नोटिशीतली शेवटची ओळ: सोसायटीची वार्षिक सभा, कोरम आणि प्रॉक्सी

सप्टेंबर लागला की इमारतीच्या नोटीस बोर्डावर एक कागद लागतो आणि त्याचाच फोटो सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतो. वर ठळक अक्षरांत "वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना", खाली आठ-दहा विषय, आणि अगदी शेवटी बारीक टाइपात एक वाक्य: "गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती त्याच दिवशी, त्याच ठिकाणी, अर्ध्या तासाने घेण्यात येईल व त्या सभेस गणसंख्येचे बंधन राहणार नाही." ग्रुपवर दहा-पंधरा अंगठे उमटतात आणि विषय संपतो.

मी आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीची सहा वर्षं सचिव होते. त्या काळात सभेनंतर सर्वांत जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे "आम्ही नव्हतो तर ठराव झालाच कसा?" त्याचं उत्तर बहुतेक वेळा त्या बारीक टाइपातल्या ओळीत असतं. ती ओळ तिथे का असते, तिच्यामुळे काय करता येतं आणि काय येत नाही, हे या लेखात सांगते.

हे सगळं महाराष्ट्रातल्या नोंदणीकृत सहकारी गृहनिर्माण संस्थांबद्दल आहे. त्यांना महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० लागू होतो, आणि रोजचा कारभार चालतो तो उपविधींवर, म्हणजे ज्याला आपण बायलॉज म्हणतो त्या छापील पुस्तिकेवर. शासनाने नमुना उपविधी दिलेले आहेत आणि बहुतेक सोसायट्यांनी ते जवळजवळ तसेच स्वीकारले आहेत. मी खाली त्यांच्याच तरतुदी सांगते आहे. तरी आपल्या सोसायटीची नोंदणी झालेली प्रत सचिवांकडून मागून एकदा पडताळून घ्या, कारण तुमच्या सभेला तीच लागू असते. तुमची इमारत १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालची असेल, तर तुमचे नियम वेगळे आहेत.

सप्टेंबरच का?

सोसायटीचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सभा घ्यावीच लागते. त्याआधी हिशेब पूर्ण व्हायला हवेत आणि लेखापरीक्षण, म्हणजे ऑडिट, झालेलं असायला हवं. ऑडिटसाठी चार महिने मिळतात, म्हणून ते जुलैअखेर संपणं अपेक्षित असतं. प्रत्यक्षात ऑडिटरचा अहवाल ऑगस्टमध्ये हाती पडतो, मग गणपती येतात, आणि कमिटी सभेसाठी सप्टेंबरचा शेवटचा रविवार धरते.

सभा वेळेत न घेणं ही साधी दिरंगाई मानली जात नाही. पुरेसं कारण नसताना सभा टाळली तर निबंधक जबाबदार पदाधिकाऱ्यांना पाच वर्षांपर्यंत निवडणुकीला अपात्र ठरवू शकतात.

चौदा दिवस कसे मोजायचे

वार्षिक सभेच्या सूचनेला चौदा पूर्ण दिवस लागतात. यात "पूर्ण" हा शब्द महत्त्वाचा आहे. सूचना ज्या दिवशी दिली तो दिवस धरायचा नाही आणि सभेचा दिवसही धरायचा नाही. मधले चौदा दिवस मोकळे हवेत. गेल्या वर्षीचीच तारीख घ्या. सभा रविवार, २८ सप्टेंबर २०२५ ला असेल, तर १४ ते २७ सप्टेंबर हे चौदा दिवस झाले आणि सूचना १३ तारखेपर्यंत सगळ्यांना द्यायला हवी. १४ ला दिली की एक दिवस कमी पडला.

विशेष सर्वसाधारण सभेला, म्हणजे वर्षात मध्येच एखाद्या ठरावीक कामासाठी बोलावलेल्या सभेला, पाच पूर्ण दिवस पुरतात.

नुसता बोर्डावर कागद लावला की काम झालं, असं काही सचिव मानतात. सूचना प्रत्येक सदस्याला द्यायची असते आणि दिल्याची खूण सोसायटीकडे असायला हवी. मी एक साधी वही ठेवत असे. फ्लॅट क्रमांक, तारीख, सही. बाहेरगावी राहणाऱ्यांना ईमेल आणि पोस्ट. मात्र घर भाड्याने देऊन दुसरीकडे गेलेल्या सदस्यांनी आपला सध्याचा पत्ता आणि ईमेल सोसायटीला लेखी कळवलेला असला पाहिजे. तो कळवला नसेल तर सूचना जुन्याच पत्त्यावर, म्हणजे भाडेकरूच्या हातात पडते आणि तिथेच राहते.

सूचनेसोबत ताळेबंद, उत्पन्न-खर्चाचं पत्रक आणि ऑडिटरचा अहवाल जोडलेला आहे का, ते बघा. चौदा दिवस दिलेले असतात ते हे कागद घरी बसून वाचण्यासाठी. सभेत ऐनवेळी हातात आलेल्या ताळेबंदावर कुणालाही नीट प्रश्न विचारता येत नाही.

विषयपत्रिका: लग्नाच्या याद्यांसारखी

पूर्वी लग्न ठरलं की दोन्ही घरं बसून याद्या करायची. देणं-घेणं, मानपान, कोण काय आणणार, सगळं कागदावर. यादीत नसलेली गोष्ट मांडवात मागितली की भांडण ठरलेलं. सभेची विषयपत्रिका, म्हणजे अजेंडा, ही अशीच यादी आहे. "या गोष्टींवर आम्ही निर्णय घेणार आहोत, तुम्हाला त्या महत्त्वाच्या वाटत असतील तर या," असं ती प्रत्येक सदस्याला आधी सांगते. जो येत नाही तो त्या यादीपुरताच धोका पत्करतो.

नेहमीचे विषय ठरलेले असतात. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणं, कमिटीचा वर्षाचा अहवाल, हिशेबपत्रकं मंजूर करणं, ऑडिट अहवाल आणि त्यातल्या दोषांच्या दुरुस्तीचा अहवाल, शासनाच्या नामिकेतून, म्हणजे पॅनेलमधून, पुढच्या वर्षाचा ऑडिटर नेमणं. हे सगळ्यांच्या सूचनेत असतं आणि त्यावर फार अडत नाही.

लक्ष द्यायचं ते त्यानंतरच्या विषयांवर. "लिफ्ट बदलण्यासाठी आलेल्या दरपत्रकांवर विचार करून निर्णय घेणे व त्यासाठी प्रति सदस्य वर्गणी ठरविणे" हा चांगला लिहिलेला विषय आहे. वाचणाऱ्याला काम कळतं, आणि आपल्याला पैसे द्यावे लागणार हेही कळतं. "दुरुस्तीबाबत चर्चा करणे" हा वाईट लिहिलेला विषय आहे. कुठली दुरुस्ती, कितीची, आणि नुसती चर्चा की निर्णय? असा मोघम विषय दिसला की त्याच दिवशी सचिवांना लेखी विचारा.

मोठा खर्च सभेपुढे आणणं ही कमिटीची मर्जी नसते. दुरुस्ती-देखभालीवर सभेच्या मंजुरीशिवाय कमिटी किती खर्च करू शकते याला नमुना उपविधींत मर्यादा आहे. २५ पर्यंत सदस्य असतील तर २५,००० रुपये, २६ ते ५० सदस्यांना ५०,००० आणि त्यापुढे एक लाख. आमच्या ४८ घरांच्या इमारतीत म्हणून पन्नास हजारांवरचं कुठलंही काम सर्वसाधारण सभेत यावंच लागायचं.

शेवटचा विषय सगळीकडे सारखाच: "मा. अध्यक्षांच्या परवानगीने येणारे आयत्या वेळचे विषय." उपविधींत याला जागा आहे, पण एक अट घालून. ज्या विषयाला रीतसर आगाऊ सूचना लागते, तो या दारातून आत आणता येत नाही. उपविधी बदलणं, एखाद्या सदस्याला काढून टाकणं, हे तर नाहीच नाही. माझ्या मते ज्यामुळे प्रत्येक घराला पैसे भरावे लागतील असा कुठलाही विषयही आणू नये. गच्चीवर कपडे वाळत घालण्याची वेळ, दिवाळीचा कंदील, सुरक्षारक्षकाची खुर्ची यांसाठी हे दार ठीक आहे.

कोरम म्हणजे किती?

कोरम किंवा गणसंख्या म्हणजे सभा सुरू करण्यासाठी लागणारी किमान हजेरी. नियम असा आहे: एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश किंवा वीस, यांपैकी जी संख्या कमी असेल ती.

हे "कमी असेल ती" नीट वाचायला हवं. १२ घरांच्या सोसायटीत दोन तृतीयांश म्हणजे ८, म्हणून कोरम ८. २४ घरांत १६. ३० घरांत बरोबर २०. त्यापुढे मात्र आकडा वाढतच नाही. ४८ घरं असोत, १२० असोत की चार इमारती मिळून ३०० असोत, कोरम वीसच. छोट्या इमारतीत कोरमसाठी खरोखर बहुसंख्य घरं लागतात, आणि मोठ्या संकुलात पंधरा घरांमागे एक माणूस आला तरी सभा सुरू होते.

ठरलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासात कोरम झाला नाही की सभा तहकूब होते. पुढे दोन वाटा आहेत. सूचनेतच त्याच दिवशीची पुढची वेळ दिलेली असेल, तर त्या वेळी सभा पुन्हा भरते. तशी वेळ दिलेली नसेल, तर किमान सात आणि जास्तीत जास्त तीस दिवसांनंतरची तारीख घ्यावी लागते. दोन्ही वाटांनी भरणाऱ्या तहकूब सभेला कोरमची अट राहत नाही. जितके आले तितके निर्णय घेतात आणि तो निर्णय सगळ्यांवर बंधनकारक असतो. फक्त विषय मूळ सूचनेतलेच हवेत.

ती बारीक टाइपातली ओळ यासाठी असते. सचिव ती लिहायला विसरला आणि सभा २८ सप्टेंबरला ठेवली, तर कोरमअभावी पुढची तारीख लवकरात लवकर ५ ऑक्टोबर येते आणि ३० सप्टेंबरची मुदत हातातून जाते. शेवटच्या रविवारची सभा या कारणासाठी मला कधीच सुरक्षित वाटली नाही. दुसऱ्या किंवा तिसऱ्या रविवारी ठेवली तर सावरायला जागा राहते.

एकवीस माणसं, तरी कोरम नाही

आमच्या एका वर्षीच्या सभेचा हिशेब सांगते, म्हणजे प्रॉक्सीचा मुद्दाही त्यातच उलगडेल. ४८ सदस्य, कोरम २०, वेळ सकाळी १० ची. दहाला गच्चीवर अकरा जण होते. साडेदहाला मी खुर्च्या मोजल्या तर एकवीस भरलेल्या. अध्यक्ष म्हणाले, "चला, झाला कोरम, सुरू करू." मी हजेरीपत्रक हातात घेतलं आणि एकेक नाव वाचलं.

दुसऱ्या मजल्यावरचं एक जोडपं दोघंही आलं होतं. घर दोघांच्या नावावर, पण भागपत्रक, म्हणजे शेअर सर्टिफिकेट, एकच, म्हणून हजेरी एक आणि मतही एकच. वीस उरले. नाशिकला राहणाऱ्या एका सदस्यांचा मुलगा वडिलांचं पत्र घेऊन आला होता: "माझ्या वतीने माझा मुलगा सभेस उपस्थित राहील व मतदान करील." तो सोसायटीचा कुठल्याही प्रकारचा सदस्य नव्हता, म्हणून मोजता आला नाही. एकोणीस. एका सदस्यांच्या दुबईतल्या भावाच्या घराचं नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र घेऊन त्यांचे मेहुणे आले होते. तेही नाही. अठरा. आणि एक भाडेकरू काका, जे दरवर्षी आपुलकीने येऊन बसत. सतरा.

मात्र त्या सतरांत दोघी अशा होत्या की त्यांच्याबद्दल हरकत घेतली गेली आणि तरी त्यांची हजेरी मी धरली. एकीचा नवरा कामावर होता. भागपत्रकावर पहिलं नाव त्याचं, दुसरं तिचं. पहिला हजर नसेल तर दुसऱ्या नावाच्या व्यक्तीला बसण्याचा आणि मत देण्याचा हक्क आहे. दुसरी होती चौथ्या मजल्यावरच्या आजोबांची मुलगी. भागपत्रकावर तिचं नाव नव्हतं, पण आजोबांनी तिला दोन वर्षांपूर्वी रीतसर सहयोगी सदस्य करून घेतलं होतं आणि या सभेसाठी लेखी संमती दिली होती.

म्हणून साडेदहाला सभा तहकूब केल्याचं जाहीर केलं आणि वहीत लिहिलं. सूचनेप्रमाणे अकराला तीच सभा पुन्हा सुरू झाली, सतरा जणांची, पूर्णपणे वैध. अध्यक्ष त्या अर्ध्या तासासाठी माझ्यावर नाराज होते. पण साडेदहालाच सुरू केली असती तर कोरम नसताना घेतलेली सभा म्हणून त्या दिवसाच्या प्रत्येक ठरावावर बोट ठेवता आलं असतं.

"पण पत्र दिलं तर का चालत नाही?"

कंपनीचे शेअर असणाऱ्यांना हा प्रश्न हमखास पडतो. कंपनीच्या वार्षिक सभेची सूचना येते तेव्हा तिच्यासोबत प्रॉक्सीचा छापील अर्ज असतो. आपण येऊ शकत नसलो तर दुसऱ्याला पाठवण्याची मुभा तिथे कायद्यानेच दिलेली आहे. म्हणून लोकांना वाटतं की सभा म्हटली की प्रॉक्सी आलीच.

सहकारी सोसायटीत तसं नाही. नमुना उपविधी स्पष्ट सांगतात की प्रॉक्सी, कुलमुखत्यारधारक किंवा अधिकारपत्रधारक सदस्याच्या वतीने सर्वसाधारण सभेला हजर राहू शकत नाही. कंपनीत मत शेअरला असतं. हजार शेअर, हजार मतं. सहकारात मत माणसाला असतं. एकाच्या नावावर तीन घरं असली तरी त्याचं मत एकच. प्रॉक्सी चालू केली तर एक उत्साही माणूस सुट्टीत गावी गेलेल्यांची वीस पत्रं गोळा करून येईल आणि एकट्याच्या हाताने ठराव मंजूर होईल. "एक सदस्य, एक मत" हे मग नावालाही उरणार नाही.

घर एखाद्या कंपनीच्या नावावर असेल तर कंपनी आपला संचालक किंवा अधिकारी ठरावाने नेमून पाठवू शकते. कंपनी स्वतः खुर्चीवर बसू शकत नाही, म्हणून तिच्यापुरती ही सोय आहे.

"कुलमुखत्यारपत्र तर रजिस्टर्ड आहे!"

दुबईच्या भावाच्या मेहुण्यांनी मला हेच सांगितलं, आणि त्यांचा राग मी समजू शकते. त्याच कागदावर त्यांनी घर भाड्याने दिलं होतं, बिलं भरली होती, बँकेत सह्या केल्या होत्या. त्या सगळ्या व्यवहारांना तो कागद चालतो. सभेला चालत नाही, कारण सभेतला हक्क सदस्यत्वाचा आहे आणि सदस्यत्व असं हातउसनं देता येत नाही.

बाहेर राहणाऱ्यांसाठी खरी वाट सहयोगी सदस्यत्वाची आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने यासाठी नात्यांची यादीच दिली आहे: पती, पत्नी, आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, जावई, सून, पुतण्या-भाचा, पुतणी-भाची. सदस्याने लेखी शिफारस करायची, अर्ज आणि प्रवेश शुल्क भरायचं, कमिटीने सभेत मंजूर करायचं. मग सदस्याच्या लेखी पूर्वसंमतीने ती व्यक्ती त्याचे हक्क बजावू शकते. मेहुणा या यादीत नाही. त्या घराच्या बाबतीत सख्खा भाऊ आमच्याच इमारतीत राहत होता, पण तो स्वतः सदस्य म्हणून आपल्या घरासाठी हजर होता; शेवटी दुबईच्या सदस्यांनी वडिलांना सहयोगी सदस्य केलं आणि पुढच्या वर्षीपासून वडील येऊ लागले.

हे काम सभेच्या आदल्या रात्री होत नाही. अर्ज कमिटीच्या बैठकीपुढे जावा लागतो, म्हणून सप्टेंबरची सभा असेल तर जूनमध्ये अर्ज द्या.

आणि यातलं काहीच जमलं नसेल, तर सचिवांना चार दिवस आधी पत्र लिहा: अमुक विषयाला माझा विरोध आहे, कारण असं; हे पत्र सभेत वाचावं. त्याचं मत म्हणून मोजमाप होणार नाही. पण आम्ही अशी पत्रं वाचत असू, आणि एका पत्रातल्या प्रश्नामुळे पाण्याच्या टाकीचं दरपत्रक परत पाठवलं गेल्याचं मला चांगलं आठवतं.

"सतरा जणांनी अठ्ठेचाळीस घरांचं ठरवायचं?"

त्या सभेत लिफ्टचा विषय अजेंड्यावर होता. बारा लाखांचं काम, प्रत्येक घराला पंचवीस हजार. दहा हात बाजूने, सात विरोधात, ठराव मंजूर. म्हणजे ४८ पैकी दहा जणांच्या होकाराने बारा लाख खर्च व्हायचे ठरले आणि सभेला न आलेल्या एकतीस घरांनाही पंचवीस हजार भरावे लागले. हे अन्यायाचं वाटू शकतं. पण उलट बाजू बघा: तहकूब सभेलाही कोरम लागला असता, तर फक्त घरी बसून राहून कुणालाही इमारतीतलं प्रत्येक काम अडवता आलं असतं, आणि चौथ्या मजल्यावरचे आजोबा बंद लिफ्टमुळे वर्षभर खाली उतरले नसते.

त्यामुळे न आलेल्या सदस्याचं रक्षण कोरम करत नाही, तो पहिल्या अर्ध्या तासापुरताच असतो. रक्षण करते ती सूचना आणि तिच्यातली विषयपत्रिका. म्हणून मी तारखेच्या आणि शब्दांच्या बाबतीत इतकी आग्रही राहिले.

काही निर्णयांना कायद्याने जास्त मोठा उंबरठा ठेवला आहे. उपविधी बदलायचे तर हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश लागतात. सतरा जण असतील तर बारा. पुनर्विकासाचं तर गणितच वेगळं आहे. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे त्या विशेष सभेला एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश हजेरी लागते, तिथे विसाची सवलत नाही, आणि मंजुरी एकूण सदस्यांच्या किमान ५१ टक्क्यांची हवी. ४८ घरांत बत्तीस हजर आणि पंचवीस बाजूने. पुनर्विकासाचा विषय कुणी वार्षिक सभेच्या तहकूब अर्ध्या तासात उरकू पाहत असेल, तर तिथेच थांबवा.

सदस्यांना स्वतःहून विशेष सभा मागताही येते. एक पंचमांश सदस्यांनी लेखी मागणी केली की महिन्याच्या आत ती बोलवावी लागते. ४८ मध्ये दहा सह्या. पण अशा मागणीवरून बोलावलेल्या सभेला अर्ध्या तासात कोरम झाला नाही तर ती तहकूब होत नाही, रद्द होते. सही करणाऱ्या दहांनी म्हणून आणखी दहा जणांना घेऊन यायची तयारी ठेवूनच मागणी करावी.

चूक दिसली तर

सूचना उशिरा आली, विषय मोघम होता किंवा अजेंड्याबाहेरचा ठराव झाला, तर सभेतच उठून हरकत घ्या आणि ती इतिवृत्तात लिहायला सांगा. इतिवृत्ताचा मसुदा कमिटीने तीन महिन्यांत तयार करून सदस्यांना पाठवायचा असतो, आणि तो मिळाल्यापासून पंधरा दिवसांत तुम्ही त्यावर लेखी म्हणणं देऊ शकता. हे पंधरा दिवस बहुतेक लोक वाया घालवतात. पुढच्या वर्षी "मागचं इतिवृत्त कायम करणे" या पहिल्याच विषयाला सगळे हात वर करतात आणि चुकीची नोंद पक्की होते. सोसायटीने दाद दिली नाही तर आपल्या विभागाच्या उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो, आणि ठरावालाच आव्हान द्यायचं असेल तर सहकार न्यायालयात कलम ९१ खाली दावा.

आमच्या त्या सभेत शेवटी, आयत्या वेळच्या विषयांत, एका सदस्यांनी बाहेरून रंगकामाची गोष्ट काढली. चौदा लाखांचं दरपत्रक ते घेऊनच आले होते. घरटी एकोणतीस हजारांच्या पुढे. अकरा हात लगेच वर झाले. मी अध्यक्षांना म्हटलं, "हे अजेंड्यावर नाही. न आलेल्या एकतीस घरांना लिफ्टचं माहीत होतं, याचं नव्हतं." त्यांनी विषय नोंदवून घेतला आणि मत घेतलं नाही. नोव्हेंबरात आम्ही पाच पूर्ण दिवसांची सूचना देऊन विशेष सभा बोलावली, विषयात रक्कम लिहिली, तीन दरपत्रकं जोडली. त्या सभेला एकतीस सदस्य आले. पहिलं दरपत्रक वाचून झाल्यावर वरच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं की गच्चीची गळती आधी बंद केली नाही तर रंग दोन पावसाळे तरी टिकेल का, आणि सभेने रंगाचं काम पुढे ढकलून गळतीचं आधी घेतलं.